निकाहनाम्यातला मेहरचा रकाना

अमुक इतक्या मेहरवर हा निकाह कबूल आहे का, असं वधूला विचारलं जातं, तेव्हा तो आकडा बहुधा दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी आधीच उरकलेला असतो. पुढे हक्क मागायची वेळ येते तेव्हा कागदावर काय लिहिलंय तेच बघितलं जातं, म्हणून तो रकाना मुलीने स्वतः वाचून मगच सही करावी.

रकमेसोबत ती नगद की उधार हेही लिहायचं असतं. नगद म्हणजे मुअज्जल मेहर, बायकोने मागताक्षणी देय. उधार म्हणजे मुवज्जल, तलाक झाल्यावर किंवा नवरा वारल्यावर देय. लग्नात सासरने घातलेले दागिने मेहरपोटी असतील, तर कोणता दागिना आणि किती तोळ्यांचा हे निकाहनाम्यात लिहून घ्यावं. नाहीतर पुढे नवरा म्हणतो दागिन्यांतच मेहर फिटला, आणि बायको म्हणते ती भेट होती. माझ्या मते मेहर सोन्याच्या वजनातच ठरवावा, कारण पाच हजार रुपये वीस वर्षांनीही पाच हजारच राहतात.

समजा, मेहर ५१,००० ठरला. त्यातले ११,००० निकाहात दिले, ४०,००० उधार राहिले, आणि आठ वर्षांनी तलाक झाला. त्याच वेळी ते ४०,००० देय होतात. १९८६च्या मुस्लिम महिला कायद्यानुसार ती मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करू शकते, आणि त्यातच इद्दतीच्या काळातली तरतूद व माहेरच्या वस्तूही मागू शकते. निकाहनामा सासरी अडकला असेल, तर काझींच्या दप्तरातून नक्कल मागावी. आदेश होऊनही नवऱ्याने पुरेशा कारणाशिवाय पैसे दिले नाहीत, तर वसुलीचं वॉरंट निघतं आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते.

संसार चालू असताना नगद मेहर हवा असेल, तर दावा लावावा लागतो. नवऱ्याने नकार दिल्यापासून तीन वर्षांत तो लावायचा असतो. म्हणून मागणी तोंडी न करता तारखेसह लेखी करावी.

सगळ्यात जास्त बायका खुलात फसतात. खुला बायकोच्या मागणीवरून होतो आणि बहुधा तिला मेहर सोडावा लागतो. छळ किंवा पोटगी न देणं अशा कारणांसाठी १९३९च्या कायद्याखाली कोर्टातून विवाह मोडून घेतला, तर मात्र मेहरचा हक्क शाबूत राहतो. त्या कायद्याच्या कलम ५मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. त्यामुळे खुलाच्या कागदावर सही करण्याआधी वकिलाला दाखवून घ्यावं.

विधवेसाठी थकलेला मेहर हे नवऱ्याच्या मालमत्तेवरचं कर्ज असतं. ते फेडल्यावरच वारसांचे हिस्से पडतात, आणि तिचा वारसाहक्काचा वाटा वेगळा मिळतो. मयताजवळ बसवून तिच्याकडून मेहर माफ करून घेण्याची रीत अनेक घरांत आहे. दुःखाच्या भरात वदवून घेतलेली अशी माफी कोर्टांनी बंधनकारक मानलेली नाही, म्हणून ‘माफ केलं’ म्हणाली असली तरी तिने मेहर मागावा.