अवघड जागी दुखणे आणि जाऊ डॉक्टर

म्हणीत जावई डॉक्टर असतो. आमच्या घरी जाऊ डॉक्टर निघाली, आणि ती जाऊ मीच. तरीही थोरल्या जाऊबाईंनी तोंड उघडावयास चार वर्षे लावली!

गेल्या दिवाळीला आम्ही वाटूरला गेलो होतो. रात्री माजघरात निजलो असता त्या सारख्या कूस बदलीत होत्या. ‘‘झोप येत नाही का, ताई?’’ असे विचारताच हलकेच म्हणाल्या, ‘‘कुणाला सांगू नकोस. खाली खाज सुटते ग, रात्री तर जीव नकोसा होतो. आता पांढरंही पडलंय. कोड असेल का?’’

चार वर्षांत त्यांनी साबणाने रगडून धुऊन पाहिले, दुकानातून आणवून बुरशीची मलमे लावली. साबणाने आग तेवढी वाढली.

सकाळी दार लावून मी तपासले. योनीमुखाभोवतीची कातडी पांढरी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ आणि सुरकुतलेली. तोच पांढरेपणा मागे गुदद्वाराभोवती गेलेला. खाजवून जागोजागी जांभळे डाग. कोडात केवळ रंग जातो, कातडी अशी पातळ होत नाही. हा होता लायकेन स्क्लेरोसस. यात शरीराची संरक्षक शक्ती आपल्याच कातडीवर उलटते, असे मानतात. तो अस्वच्छतेने होत नाही, नवऱ्याला लागत नाही. बहुधा पाळी गेल्यावर दिसतो. पण लहान मुलींनाही होतो, आणि तिथे तर जंत समजून वर्षे जातात.

उशिराची किंमत मला तेव्हाच दिसली. एका बाजूचा आतला ओठ शेजारच्या कातडीला चिकटून जवळजवळ नाहीसा झाला होता. औषधाने खाज थांबते, कातडी सुधारते. पण असा बुजलेला भाग परत येत नाही. पुढे वाट अरुंद होते, संबंध दुखतात.

मी क्लोबेटासॉलचे ०.०५ टक्क्यांचे मलम दिले. बोटाच्या एका पेराएवढे, महिनाभर रोज रात्री. दुसऱ्या महिन्यात एक दिवसाआड. तिसऱ्यात आठवड्यातून दोनदा. ३० ग्रॅमची एक नळी तीन महिने पुरावी. साबण बंद, साधे व्हॅसलीन चालू.

तीन आठवड्यांत खाज गेली, आणि बाईंनी मलमही बंद केले! भाच्याने वेष्टनातला कागद वाचून दाखविला होता: ‘नाजूक जागी लावू नये.’ ही सूचना सरसकट छापलेली असते. या रोगात मात्र तेच मुख्य औषध. मी त्यांना ऑस्ट्रेलियातली हकीकत सांगितली. तिथे ५०७ स्त्रियांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आला. नियमाने औषध लावणाऱ्या ३५७ जणींत एकीलाही त्या जागी कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था आढळली नाही. टाळाटाळ करणाऱ्या १५० जणींत सातजणींना यांपैकी एक आढळले.

‘‘सात?’’ एवढेच त्या म्हणाल्या.

आता बुधवारी आणि रविवारी रात्री मलम चालू आहे. महिन्यातून एकदा त्या हातातला आरसा धरून पाहतात. गाठ, जाड झालेली जागा किंवा न भरणारी जखम दिसली, तर तुकडा काढून तपासावा लागेल, हे त्यांना ठाऊक आहे. परवा फोनवर म्हणाल्या, ‘‘शेजारणीला घेऊन येते जालन्याला. तिलाही रात्री झोप नाही.’’