पाहू द्यायचं की चालवू द्यायचं?

आई सांगलीत, मुलगी बंगळुरूला. आईच्या फोनवर दर थोड्या वेळाने ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ अशी सूचना येते. ती पुसली तरी पुन्हा येते. फोनवरून विचारावं, तर आई सांगते, “काहीतरी लाल येतंय गं.” एवढ्यावरून मुलीला काय कळणार? ती सूचना कोण पाठवतंय हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं. दुसऱ्याच्या फोनचा पडदा दाखवणारी ॲप अशा वेळी उपयोगी पडतात. पण ती वापरताना एक फरक लक्षात ठेवावा लागतो. पडदा पाहणं ही एक परवानगी आणि त्यावर बोट चालवणं ही दुसरी. आधी पहिलीवर काम भागतं का ते बघावं.

नुसतं पाहण्यासाठी बहुतेकांना नवीन ॲप लागतच नाही. ऑगस्ट २०२३पासून व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये पडदा दाखवण्याची सोय आहे. मुलीने व्हिडिओ कॉल लावायचा, आईने `Share screen` दाबायचं आणि फोन परवानगी विचारेल तेव्हा होकार द्यायचा. मग आईने व्हॉट्सॲपमधून बाहेर येऊन काहीही उघडलं, तरी ते मुलीला दिसत राहतं. मुलीला काही दाबता येत नाही, ती फक्त सांगू शकते.

हे सांगणंही जमावं लागतं. आईचा फोन मराठीत आणि मुलीचा इंग्रजीत असेल, तर ‘नोटिफिकेशन्स’मध्ये जा म्हटल्यावर आईला तो शब्द कुठेच सापडत नाही, कारण तिथे ‘सूचना’ लिहिलेलं असतं. म्हणून नावापेक्षा जागा सांगावी: “वर उजवीकडे तीन टिंबं आहेत, त्यावर बोट टेकव.” चित्र मुलीपर्यंत थोडं उशिरा पोहोचतं. ते बदललेलं दिसल्याशिवाय पुढची पायरी सांगू नये, नाहीतर आई दोनदा दाबते आणि भलतंच काही उघडतं.

आता ती व्हायरसची सूचना. मुलगी आईला वरून पट्टी खाली ओढायला आणि त्या सूचनेवर बोट दाबून धरायला सांगते. सूचना कोणत्या ॲपची आहे ते तिथे कळतं. या उदाहरणात ती निघते क्रोमची, आणि सोबत एका अनोळखी संकेतस्थळाचं नाव. म्हणजे फोनमध्ये व्हायरस नाही. कधीतरी पाककृती किंवा पंचांग शोधताना एखाद्या पानाने सूचना पाठवू का असं विचारलं आणि आईने `Allow` दाबलं, त्याचा हा परिणाम. क्रोमच्या सेटिंगमध्ये अशा परवानगी दिलेल्या संकेतस्थळांची यादी असते. तिथे दोन-तीनच नावं असतील, तर पाहत-सांगत काम होऊन जातं. पण यादी लांबलचक असेल, किंवा आईला बारीक अक्षरं दिसत नसतील, हात थरथरत असेल, तर मुलीने स्वतः बोट चालवणं सोयीचं.

त्यासाठी टीमव्ह्यूअर क्विकसपोर्ट किंवा एनीडेस्क यांसारखं ॲप लागतं, आणि ते प्ले स्टोअरवरूनच घ्यावं. क्विकसपोर्ट उघडलं की आईच्या पडद्यावर एक क्रमांक दिसतो. तो मुलीने आपल्या टीमव्ह्यूअरमध्ये घालायचा आणि आईने तिची विनंती मान्य करायची. त्यानंतर अँड्रॉइड स्वतः विचारतो: फक्त एका ॲपचा पडदा दाखवू की संपूर्ण? बऱ्याच नव्या फोनवर एका ॲपचा पर्याय आधीच निवडलेला असतो. आई घाईत तोच ठेवून पुढे गेली, तर ती दुसरीकडे गेल्याबरोबर मुलीच्या बाजूचं चित्र थांबतं. तसं झालं की नेटवर्कला दोष न देता जोडणी तोडावी आणि पुन्हा सुरू करताना संपूर्ण पडदा निवडावा.

इतकं करूनही मुलीला फक्त दिसतंच. बोट चालवण्यासाठी बहुतेक अँड्रॉइड फोनवर ॲपला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी लागते, आणि क्विकसपोर्ट त्यासाठी एक पूरक ॲपही घ्यायला सांगतं. ॲक्सेसिबिलिटी ही मुळात अपंगांसाठी केलेली सोय. ती मिळालेल्या ॲपला पडद्यावरचा मजकूर वाचता येतो आणि माणसाच्या वतीने दाबता येतं. म्हणूनच ती सुरू करताना फोन मोठा इशारा दाखवतो. आई तो पाहून घाबरेल, हे तिला आधीच सांगून ठेवावं.

अडथळे साधेच असतात. पडदा बंद पडून फोनला कुलूप लागलं, की नव्या अँड्रॉइडमध्ये जोडणी तुटते, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी पडदा बंद होण्याची वेळ दहा मिनिटांवर न्यावी. ज्या फोनवर काम चाललंय त्याच फोनवर साधा कॉल चालू ठेवला आणि तो टू-जी नेटवर्कवर गेला, तर इंटरनेट बंद पडतं. बोलण्यासाठी बाबांचा फोन वापरला की हा प्रश्नच उरत नाही. बँकेचं ॲप किंवा यूपीआय पिनचं पान उघडलं की मुलीला बहुधा काळा पडदा दिसतो. हा बिघाड नसतो. त्या ॲपनी आपलं चित्र बाहेर जाऊ नये अशी मुद्दाम केलेली तजवीज असते.

आयफोनवर असं बाहेरचं ॲप पडदा दाखवू शकतं, पण फोन चालवू शकत नाही. मात्र दोघांकडे आयफोन असेल आणि त्यात आयओएस १८ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल, तर फेसटाइम कॉलमध्येच समोरच्याचा पडदा पाहून तो चालवण्याची परवानगी मागता येते.

मुलीला जे दिसतं, तेच भामट्यालाही दिसू शकतं. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९मध्येच एनीडेस्कचा उल्लेख करून इशारा दिला होता. बँकेतून बोलतोय असं सांगून लोकांना ॲप घ्यायला लावायचं, त्यावरचा क्रमांक विचारायचा आणि खात्यातले पैसे काढायचे, अशी ती पद्धत. नुसतं पाहू देणंही निर्धोक नाही, कारण बँकेचं पान काळं झालं तरी एसएमएसमध्ये आलेला ओटीपी दिसू शकतो. तेव्हा घरात एकच नियम ठरवावा: पडदा दाखवायचा तो फोनमध्ये नाव जपून ठेवलेल्या घरच्याच माणसाला, आणि तोही आपण उलट फोन लावून. बँक, वीज कंपनी, पोलीस, कुणीही फोन करून ॲप घ्यायला सांगितलं, की फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३०वर कळवायचं.

काम झाल्यावर जोडणी तोडणं पुरेसं नाही. मुलीनेच आईला ॲक्सेसिबिलिटीच्या यादीत नेऊन ती परवानगी बंद करायला लावावी, मग क्विकसपोर्ट आणि पूरक ॲप दोन्ही काढून टाकायला सांगावीत. हे राहिलं, तर काही बँकांची ॲप फोनवर असं ॲप किंवा परवानगी आढळल्यामुळे उघडायलाच नकार देतात. फोन नीट करून दिल्यावर दुसऱ्याच दिवशी “बँकेचं ॲप चालत नाही” असा फोन आला, तर आधी तीच यादी बघावी. पुढच्या वेळी ॲप पुन्हा घ्यायला पाच मिनिटं लागतील, आणि ती पाच मिनिटं लागलेलीच बरी.