आजार न उलटलेल्यांचं काय करायचं?

रक्ताच्या कर्करोगावरच्या 6-मर्कॅप्टोप्युरीन या औषधाची चाचणी 1963 मध्ये प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्या 21 रुग्णांपैकी 9 जणांचा आजार उलटला. उरलेल्या 12 जणांचा नोंदी थांबेपर्यंत उलटलाच नव्हता.

मग सरासरी कशी काढायची? फक्त त्या 9 जणांची काढली तर सुमारे 12 आठवडे येते; म्हणजे औषध ज्यांना सर्वाधिक लाभलं, तेच हिशेबातून बाद!

कॅप्लान-मायर पद्धत त्यांना नोंद थांबेपर्यंत मोजते. सहाव्या आठवड्यात 21 पैकी 3 उलटले, एकाची नोंद थांबली. सातव्यात 17 पैकी 16 टिकले. म्हणून 18/21 × 16/17, म्हणजे 81 टक्के. असं उतरत वक्र 23 व्या आठवड्यात निम्म्याखाली जातो. मात्र तो शून्याला टेकत नाही, त्यामुळे खरी सरासरी निघत नाही. मध्यकावरच भागवावं लागतं. शिवाय नोंद थांबलेल्यांची प्रकृती इतरांसारखीच होती, हे गृहीत धरलेलं असतं.