बर्फाची वाटी कुठे गेली?

मागच्या महिन्यात भाचीच्या सासूबाईंची केमो सुरू झाली. फाइव्ह-एफयूचं इंजेक्शन काही मिनिटांत शिरेतून दिलं. आठवड्याभरात तोंड असं आलं की पाणीही गिळवेना. हाती झोंबणाऱ्या माउथवॉशची बाटली दिली होती. बर्फाचं नावही कुणी काढलं नव्हतं. केमोच्या वॉर्डात नोकरी केलेल्या माझ्यासारखीला हे ऐकवेना.

तोंड येण्यावरच्या उपायांचं ऐंशीच्या दशकातलं फार सांगण्यासारखं नाही. जांभळं औषध आणि बोरोग्लिसरीन लावायचं, व्रण भरायची वाट बघायची. नव्वदीत मात्र एक खरी गोष्ट हाती आली. 1991 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी बर्फाचा प्रयोग प्रसिद्ध केला. फाइव्ह-एफयूचं इंजेक्शन रक्तात थोडाच वेळ जोरात असतं. तेवढ्यात तोंड गार ठेवलं तर तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध कमी पोचतं.

आमच्याकडे एक शाळामास्तर यायचे, आतड्याचा कॅन्सर. पाच दिवस रोज इंजेक्शन, मग सुट्टी. पहिल्या खेपेला ओठांच्या आत आणि जिभेच्या कडेला सोललं, पेजेवर दिवस काढले. पुढच्या खेपेपासून इंजेक्शनच्या पाच मिनिटं आधी बर्फाचा चुरा तोंडात, विरघळला की दुसरा, असा अर्धा तास. चुरा टोकदार नको, गालांत आणि जिभेखाली फिरवत राहायचं. त्या खेपेला तोंड लाल झालं, पण मास्तर आमटी-भात जेवले. वरिष्ठांनी मात्र ‘फुकटचे लाड’ म्हणून माझी बर्फाची वाटी बंद करायला लावली. तो राग अजून गेलेला नाही.

पुढे 2000 साली अमेरिकेतच तीन गुळण्या ताडून पाहिल्या: मीठ-सोडा, क्लोरहेक्सिडिन आणि बधिर करणाऱ्या औषधांचं मिश्रण. बरं होण्यात फरक दिसला नाही. मग रुग्णाला महाग बाटली का घ्यायला लावायची? पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ, दर दोन-तीन तासांनी खळखळून थुंकायचं. सासूबाईंना तेच सुरू केलं. ब्रश मऊ, कवळी फक्त जेवणापुरती, तिखट-आंबट बंद, मऊ भात कोमटच. जेवणाआधी डॉक्टरांनी दिलेलं बधिर करणारं जेल. ते लावल्यावर गाल चावला जातो, म्हणून घास लहान. पांढरे थर दिसले तर बुरशी असू शकते, तिला वेगळं औषध लागतं. ताप 100.4 झाला तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं, कारण पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना जंतू या व्रणांतून रक्तात शिरू शकतात.

आलेले व्रण बर्फाने भरत नाहीत. पंपाने दोन दिवस सावकाश औषध चढत असेल तर तोंड तेवढा वेळ गार ठेवणं शक्यच नाही. म्हणून भाचीला सांगितलं, पुढच्या इंजेक्शनला बर्फाचा थर्मास ने, पण आधी डॉक्टरांना विचार. सोबत ऑक्झॅलिप्लॅटिन असेल तर बर्फ अजिबात नको. त्या औषधावर गार घोटानेही घसा आवळल्यासारखा होतो.