व्यायामाची साधने (भाग ६) : घड्याळ कुठून झिजते?

गेल्या आठवड्यात आपण बुटांच्या झिजलेल्या तळव्यांकडे पाहिले. घड्याळही झिजते, फक्त ते दिसत नाही. स्मार्टवॉच आणि साधे घड्याळ यांतला खरा फरक तिथेच आहे.

स्मार्टवॉच झिजते ते बॅटरीतून. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरून रिकामी झाली की एक आवर्तन झाले. अशी काहीशे ते हजारभर आवर्तने झाली की तिची क्षमता साधारण ८० टक्क्यांवर येते. रोज चार्ज करावे लागणारे घड्याळ तीन वर्षांत हजाराचा टप्पा ओलांडते. आठवड्यातून एकदाच चार्जिंग लागणाऱ्याची तेवढ्या काळात दीडशेच्या आसपास आवर्तने होतात. म्हणून ‘बॅटरी सात दिवस चालते’ ही नुसती सोय नाही, ते घड्याळाच्या आयुष्याचे माप आहे. अशा घड्याळाचीही बॅटरी काळानुसार थोडी मंदावतेच, पण तो वेग बराच कमी असतो.

एक उदाहरण घेऊ. नवे असताना जीपीएस लावून सहा तास चालणारे घड्याळ ८० टक्क्यांवर आले की चार तास अठ्ठेचाळीस मिनिटे चालते. पाच तासांत मॅरेथॉन पुरी करणाऱ्याचे घड्याळ चाळिसाव्या किलोमीटरनंतर, शेवट समोर दिसत असताना, बंद पडेल. अर्धमॅरेथॉनवाल्याला हा त्रास कळणारही नाही.

साध्या क्वार्ट्झ घड्याळाचा सेल दोन-तीन वर्षे टिकतो. १९८९ पासून मिळणाऱ्या कॅसिओ एफ-९१डब्ल्यूचा तर सुमारे सात वर्षे. त्यात स्टॉपवॉचही आहे. सेल संपला की नवा टाकायचा, घड्याळ पुन्हा पहिल्यासारखे. पण याचीही एक नाजूक जागा आहे : मागच्या झाकणाखालची रबरी कडी. घाम, साबण आणि गरम पाणी तिला कडक करतात. सेल बदलताना ती बदलली नाही, तर पुढच्याच पोहण्यात पाणी शिरू शकते. काचेच्या आत धुके दिसले, की कडी गेली समजा. स्मार्टवॉचलाही अशी सीलबंदी असते, पण चौकातला घड्याळवाला ती उघडून देत नाही. स्मार्टवॉचची काच कडेने उचललेली दिसली, तर बॅटरी फुगली आहे असे समजा. वापर लगेच थांबवा.

आता पैशांचे. समजा, वीस हजारांचे स्मार्टवॉच चार वर्षे चालले : वर्षाला पाच हजार. पाच हजारांचे साधे घड्याळ पंधरा वर्षे चालले आणि सेल-कडीवर दोन हजार गेले, तर वर्षाला पाचशेच्याही आत.

हे वरचे साडेचार हजार कशासाठी, ते स्वतःला विचारा. नाडीचे ठोके पाहून तुम्ही धावण्याचा वेग खरोखर बदलत असाल, तर ते वसूल होतात. आकडे नुसते पाहून सोडत असाल, तर स्टॉपवॉच पुरे.

पुढच्या भागात : मनगटावरचा हिरवा दिवा ठोके कसे मोजतो आणि कधी चुकतो.