गुणाकार तोच, फेरे कमी: मॅट्रिक्सचे तुकडे आणि कॅशे

पुण्याच्या सी-डॅकमधला ‘परम सिद्धी-एआय’ नोव्हेंबर 2020 मध्ये जगातील महासंगणकांच्या टॉप 500 यादीत 63 व्या क्रमांकावर होता. ही क्रमवारी लिनपॅक चाचणीवर ठरते आणि त्या चाचणीचा बहुतेक वेळ मॅट्रिक्स गुणाकारात जातो. तिथली मुख्य युक्ती साध्या लॅपटॉपवरही चालते.

समजा, 1024×1024 च्या दोन मॅट्रिक्स आहेत आणि प्रत्येक संख्या 8 बाइटची आहे. एक मॅट्रिक्स 8 एमबीची झाली, तर प्रोसेसरची एल-1 कॅशे 32 केबीची.

नेहमीच्या तीन लूपमध्ये दुसरी मॅट्रिक्स स्तंभाने वाचली जाते, पण मेमरीत ती ओळीने मांडलेली असते. त्यामुळे एका संख्येसाठी 64 बाइटची अख्खी लाइन आत येते. एका स्तंभाला अशा 1024 लाइन, म्हणजे 64 केबी लागतात. शेजारच्या स्तंभाची पाळी येईपर्यंत आधीच्या लाइन बाहेर पडलेल्या असतात.

उपाय म्हणजे चौकोनी तुकड्यांनी गुणणे. बाजू b असेल, तर तीन तुकड्यांना जागा लागते:

```
3 * b * b * 8 <= 32768
```

म्हणजे b जास्तीत जास्त 36. 32 घेतल्यास 24 केबी लागतात आणि आत आलेली संख्या 32 वेळा वापरली जाते. 64 घेतल्यास 96 केबी लागतात, म्हणजे फायदा निसटतो.

तरी एक खोच उरते. ओळीची लांबी 8192 बाइट असल्याने 64 सेटच्या कॅशेत तुकड्याच्या सगळ्या ओळी त्याच मोजक्या सेटवर आदळतात. जागा असूनही मिस वाढतात. `perf stat -e L1-dcache-load-misses` हे दाखवते. तुकडा आधी सलग बफरमध्ये कॉपी केला की ही टक्कर टळते.