वाटणीआधीचं पत्र

आईवडिलांच्या मागे घर रिकामं करायची वेळ येते तेव्हा जमिनीची, बँकेतल्या पैशांची वाटणी कागदावर होते. झोपाळा, कपाट, भांडी मात्र ‘घरातल्या घरात बघू’ म्हणून मागे राहतात, आणि भावंडांच्या मनात अढी बसते ती बऱ्याचदा यांच्यावरूनच. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे मुलगा आणि मुलगी यांचा हक्क सारखा असतो. आई किंवा वडील हयात असतील तर त्यांचाही हिस्सा असतो, त्यामुळे त्यांच्या संमतीवाचून घरातली वस्तू हलवू नये. पण हक्क सारखा असला तरी झोपाळ्याचे दोन तुकडे करता येत नाहीत. म्हणून टेम्पो बोलावण्याआधी एक पत्र लिहावं. धाकट्या बहिणीने भावाला लिहिलेलं असं पत्र कसं असेल, ते पाहा.

“प्रिय दादा,

घर रिकामं करण्याआधी एक सुचवते. कोणती वस्तू कोणाला हवी, हे समोरासमोर बोलायला गेलो तर तू माझ्यासाठी सोडशील, मी तुझ्यासाठी सोडेन, आणि पुढे दोघांनाही रुखरुख लागेल. त्यापेक्षा आपण एकच यादी करू. प्रत्येकाने 100 गुण त्या वस्तूंवर आपापल्या ओढीप्रमाणे वाटायचे. बाजारभाव मनात आणायचा नाही. एकमेकांना न विचारता आकडे लिहायचे, पाकिटात घालायचे आणि दोन्ही पाकिटं एकाच वेळी उघडायची.

दागिने यात नकोत, ते सोनाराकडून वजन करून वेगळे वाटू. फोटो आणि बाबांची पत्रं स्कॅन करून दोघांकडे ठेवू. देवघराला गुण द्यायचे नाहीत. रोजची पूजा कोणाकडून होईल, एवढंच बघून ठरवू.”

गुण देण्याची ही पद्धत अमेरिकेतले राज्यशास्त्रज्ञ स्टीव्हन ब्रॅम्स आणि गणितज्ञ ॲलन टेलर यांनी मांडली. 1996 साली आलेल्या त्यांच्या ‘फेअर डिव्हिजन’ या पुस्तकात ती सविस्तर आहे. समजा, या भावंडांची पाकिटं उघडली. झोपाळ्याला दादाचे 40, बहिणीचे 25. आरामखुर्चीला 20 आणि 10. सागवानी कपाटाला 15 आणि 10. आईच्या शिवणयंत्राला दादाचे 10, बहिणीचे 35. तांब्या-पितळेच्या भांड्यांना 15 आणि 20.

ज्याचे गुण जास्त, वस्तू त्याची. या हिशेबाने झोपाळा, खुर्ची आणि कपाट दादाकडे जातात. त्याचे गुण होतात 75. शिवणयंत्र आणि भांडी मिळून बहिणीचे होतात 55. दादाचं पारडं जड झालं, तेव्हा त्याच्याकडची एक वस्तू सरकवायची. कोणती? जिच्यावर दोघांच्या गुणांचं प्रमाण सगळ्यात जवळ आहे ती. झोपाळ्यावर दादाची ओढ बहिणीच्या 1.6 पट आहे, खुर्चीवर दुप्पट, कपाटावर दीडपट. म्हणून कपाट बहिणीकडे जातं. आता दादाकडे 60, बहिणीकडे 65. उरलेला फरक भरून काढायला तांब्याचं घंगाळ दादाने न्यावं. आपापल्या मापाने दोघांनाही निम्म्याहून जास्त मिळालं. हे जमलं, कारण दोघांचा जीव वेगवेगळ्या वस्तूंवर होता. प्रत्येक वस्तूची किंमत काढून निम्मी-निम्मी वाटणी केली असती, तर ही गोष्ट कधी समोर आलीच नसती.

पद्धतीला मर्यादाही आहेत. भावाला झोपाळा हवा आहे हे आधीच ठाऊक असेल, तर नुसतं अडवण्यासाठी त्यावर गुण टाकता येतात. असं करणाऱ्याच्या वाट्याला नको असलेला झोपाळा येऊ शकतो आणि हव्या वस्तूसाठी गुण उरत नाहीत, पण तोवर मनं दुखावलेली असतात. दोघांनीही एकाच वस्तूवर 70-80 गुण लावले, तर हे गणित तिथे थांबतं. मग जुन्या फर्निचरच्या दुकानदाराकडून किंमत काढावी, एकाने वस्तू ठेवावी आणि दुसऱ्याला पैसे द्यावेत. शिवाय ही रीत दोघांसाठीच आहे. तीन भावंडं असतील तर पाळीपाळीने एकेक वस्तू निवडावी. पहिल्या फेरीत ज्याची निवड शेवटी होती, त्याने दुसऱ्या फेरीत पहिल्यांदा निवडावं.

जंगम वस्तूंच्या वाटणीला नोंदणी लागत नाही, पण लेखी यादी हवीच. म्हणून बहिणीच्या पत्राचा शेवट असा आहे:

“ठरलं की एका कागदावर कोणाकडे काय गेलं ते लिहू, खाली दोघांच्या सह्या आणि तारीख घालू. वहिनीला आणि आमच्या ह्यांनाही तो कागद दाखवू. वस्तू महिनाभरात न्यायच्या, टेम्पोचा खर्च निम्मा-निम्मा. यादीत काही राहिलं असेल तर आत्ताच कळव. पाकिटं उघडल्यावर नवी वस्तू यादीत घालायची नाही.”